आर्द्रता मोजायची की पानाचा ओलावा? करप्याच्या अंदाजासाठी दोन वाटा

सिनॉप्सिस लिहायचे दिवस आले की ओळखीच्या ज्युनिअरांपैकी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच: "दादा, पैसे एकाचेच आहेत. तापमान-आर्द्रतेचा साधा लॉगर घेऊ की लीफ वेटनेस सेन्सर?" मी दोन्ही वापरलेत. धुळे जिल्ह्यात, टोमॅटोच्या एकाच प्लॉटमध्ये, एकाच खांबाला बांधून. त्यामुळे माझं मत तयार आहे, पण ते प्रत्येकाच्या कामाला लागू पडेलच असं नाही. म्हणून मत कसं झालं ते आधी सांगतो.

बोलणं टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्यापुरतंच ठेवतो, म्हणजे अल्टरनेरिया सोलानी या बुरशीच्या करप्यापुरतंच. खान्देशात रोगांवर बोलायचं तर केळीचा करपा पहिला आठवतो हे मान्य, पण शिकायला टोमॅटो सोपा. त्याचं अंदाजाचं गणित आधीच तयार आहे आणि हाताने करून बघता येतं.

ते गणित म्हणजे टॉमकास्ट. त्याचं मूळ 1978 साली मॅडन, पेनीपॅकर आणि मॅकनॅब या तिघांनी पेनसिल्व्हेनियात मांडलेल्या फास्ट या पद्धतीत आहे. फास्टचे दोन भाग होते. एका भागात पान किती तास ओलं राहिलं आणि त्या तासांचं सरासरी तापमान किती, एवढंच बघायचं. दुसऱ्या भागात गेल्या पाच दिवसांचं तापमान, आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर राहिल्याचे तास आणि आठवड्याचा पाऊस धरायचा. पुढे 1992 च्या सुमारास कॅनडातल्या ओंटारियोत पिटब्लाडो यांनी टॉमकास्ट बांधलं, तेव्हा पहिला भाग ठेवला आणि दुसरा सोडून दिला. आपला आजचा प्रश्न त्या सगळ्यांपुढेही होता असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्यांचं शेत वेगळं होतं.

टॉमकास्टमध्ये रोज 0 ते 4 असा एक आकडा निघतो, त्याला डीएसव्ही म्हणतात. ओल्या तासांची सरासरी 18 ते 20 अंश असेल तर 3 तासांपर्यंत शून्य, 4 ते 8 तासांना एक, 9 ते 15 तासांना दोन, 16 ते 22 तासांना तीन आणि त्याच्या पुढे चार. सरासरी 21 ते 25 अंश असेल तर बुरशीला जास्त मानवतं, म्हणून तिथे 3 तासांनाच एक मिळतो आणि 6 ते 12 तासांना दोन. रोजचे आकडे जोडत जायचे. मागच्या फवारणीपासूनची बेरीज साधारण 15 ते 20 झाली की पुढची फवारणी. हा उंबरठा तिकडचा आहे, इकडे तो तपासूनच घ्यायचा. पण तक्त्याची रचना समजायला पुरेसा आहे.

आता बघा, या तक्त्यात आर्द्रता कुठेच नाही. आहे तो पान ओलं राहण्याचा काळ. बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो, हवेतली वाफ किती आहे याच्याशी त्याला थेट देणंघेणं नाही. मग आर्द्रता आली कुठून? पान ओलं आहे की नाही हे मोजायचं साधन सगळ्यांकडे नसतं, आर्द्रता मात्र सगळीकडे मोजली जाते. म्हणून तडजोड निघाली: आर्द्रता 90 टक्के किंवा जास्त असेल तो तास ओला धरायचा. ही तडजोड वाईट नाही. बऱ्याच ठिकाणी चालते, जगभर वापरली जाते, आणि लॉगर स्वस्त पडतो. कोणत्याही हवामान केंद्राची तासागणिक नोंद मिळाली तर शेतात काही न बसवताही गणित करता येतं. एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्या जुन्या प्रबंधांत असते ती आरएच-1 आणि आरएच-2, म्हणजे सकाळी सातची आणि दुपारी दोनची आर्द्रता, तीही आठवड्याच्या सरासरीत. रोगाच्या टक्केवारीशी तिचा सहसंबंध काढता येतो, पण रात्री पान किती तास ओलं होतं ते तिच्यातून निघत नाही. सकाळी सातला 91 टक्के दिसले म्हणून ओलावा मध्यरात्रीपासून होता की पहाटे पाचपासून, हे ती नोंद सांगतच नाही.

आता आपल्याकडची हवा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर खान्देशात आभाळ मोकळं होतं, वारा पडतो आणि रात्री जमीन झपाट्याने गार होते. दुपारी आर्द्रता तिशीत असली तरी पहाटे दादर ज्वारीच्या शेतातून चालत गेलं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. हे पाणी पावसाचं नाही, दवाचं. आणि दव पडायला हवेची आर्द्रता 90 व्हावी लागत नाही. मोकळ्या आभाळाखाली पान आपली उष्णता वर फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार होतं. पानाचं तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेलं की पाणी जमायला लागतं. हवा त्या वेळी कोरडी नसली तरी संपृक्तही नसते. दवबिंदूचा अंदाज घ्यायला एक सोपं सूत्र आहे, निम्म्याहून जास्त आर्द्रता असेल तर चालतं:

```
Td ≈ T − (100 − RH) / 5
```

हवा 20 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू साधारण 17. म्हणजे पान तीन अंशांनी गार झालं की ओलं. सूत्र थोडं पुढे-मागे चुकतं, नेमक्या हिशोबाने दवबिंदू साडेसतराच्या जवळ येतो, पण शेतात उभ्याने विचार करायला पुरतं.

एक नमुन्याची रात्र घेऊ. ऑक्टोबरअखेर, आभाळ मोकळं, वारा जवळपास नाही, प्लॉट ठिबकवर, म्हणजे वरून पाणी नाही. खांबावर दोन्ही साधनं. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण अशा रात्री इथे नेहमीच्या आहेत.

| वेळ | तापमान (अंश) | आर्द्रता (%) | पान-सेन्सर |
|---|---|---|---|
| रात्री 11 | 20.8 | 82 | कोरडा |
| 12 | 20.2 | 84 | ओला |
| 1 | 19.6 | 86 | ओला |
| 2 | 19.0 | 87 | ओला |
| 3 | 18.5 | 89 | ओला |
| 4 | 18.0 | 90 | ओला |
| 5 | 17.6 | 91 | ओला |
| 6 | 17.3 | 92 | ओला |
| 7 | 18.2 | 89 | ओला |
| 8 | 20.5 | 78 | ओला |
| 9 | 23.5 | 66 | कोरडा |

आर्द्रतेच्या नियमाने ओले तास तीन: चार, पाच आणि सहा. त्यांची सरासरी 17.6, म्हणजे पूर्णांकात 18. तक्ता म्हणतो, 18 ते 20 अंशांना तीन तासांचा डीएसव्ही शून्य. रोगाच्या दृष्टीने ही रात्र झालीच नाही. पान-सेन्सरच्या हिशोबाने मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत नऊ नोंदी ओल्या, सरासरी 18.8, म्हणजे डीएसव्ही दोन. अशा दहा रात्री लागोपाठ आल्या तर एका हिशोबात बेरीज 20 होऊन फवारणीची वेळ आलेली असते आणि दुसऱ्या हिशोबात ती अजून शून्यावर असते. खालची पानं पिवळी पडून त्यांवर गोल वलयांचे डाग दिसायला लागले की मग आर्द्रतेच्या बाजूने कोणी वाद घालत नाही.

सकाळचे दोन तास मुद्दाम बघा. सात वाजता आर्द्रता 89, आठला 78, तरी पान ओलं. सूर्य वर आला की हवा पटकन तापते आणि आर्द्रतेचा आकडा झरकन खाली येतो, पण पानावरचा थेंब सुकायला वेळ लागतो. टोमॅटोच्या पानावर लव असते, थेंब तिच्यात अडकून बसतो. खालच्या, सावलीतल्या पानांवर तर आणखी उशिरापर्यंत. आणि करपा सुरू होतो तो या खालच्याच पानांवरून. आर्द्रतेचा नियम दवाची सुरुवातही चुकवतो आणि शेवटही चुकवतो, दोन्हीकडून तास कापतो.

पावसाळ्यात हाच नियम उलट्या बाजूला झुकतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जुलै-ऑगस्टात तिकडच्या पठारावर वारा थांबत नाही. ढगाळ, वाऱ्याची रात्र, 24 अंश, आर्द्रता रात्रभर 91-92. आभाळ झाकलेलं असल्यामुळे पान गार होत नाही, हवेच्याच तापमानाला राहतं, दव पडत नाही. संध्याकाळी एक सर येऊन गेली आणि वाऱ्याने पान तीन तासांत सुकलं. पान-सेन्सर तीन तास म्हणेल, 21 ते 25 अंशांच्या ओळीत त्याचा डीएसव्ही एक. आर्द्रतेचा नियम बारा तास म्हणेल आणि दोन देईल. महिनाभर असं चाललं की शेतकऱ्याच्या खिशातून दोनेक फवारण्या जास्तीच्या गेल्या.

इथे हुशार विद्यार्थी म्हणतो, मग उंबरठा 87 करू. वरच्या रात्री 87 लावलं तर पहाटे दोनपासून सातपर्यंत सहा तास मिळतात आणि डीएसव्ही एक होतो. शून्यापेक्षा बरं. पण तोच 87 ऑगस्टमध्ये लावला तर जवळपास सगळी रात्र ओली ठरेल. ऑक्टोबरसाठी एक उंबरठा आणि ऑगस्टसाठी दुसरा असं करायचं ठरवलं, तर तो काढायला खरा ओलावा कधीतरी मोजावाच लागणार. म्हणजे पान-सेन्सर टाळायला निघालो आणि त्याच्याच दाराशी आलो.

तरीही एवढ्यावर मी आर्द्रतेच्या लॉगरला नाही म्हटलं नसतं. माझा निर्णय फिरवला तो एका त्रासाने. बाकीच्यांना तो कदाचित किरकोळ वाटेल.

आर्द्रतेचा सेन्सर बहुतेक वेळा कपॅसिटिव्ह असतो. वाफ शोषणारा एक पातळ पॉलिमरचा थर आणि त्याची बदलणारी धारिता. माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे दोन किंवा तीन टक्के लिहिलेली असते. ते खरंही असतं, पण मधल्या पट्ट्यात. नव्वदीच्या वर चूक वाढते, आणि सेन्सर रात्रीमागून रात्री दवात राहिला, त्यावर धूळ किंवा औषधाची वाफ बसली की ती आणखी सरकते. तीन टक्क्यांनी काय बिघडतं? वरचाच तक्ता घ्या. सेन्सर तीन टक्के जास्त दाखवत असेल तर दोनपासून सातपर्यंतच्या सगळ्या नोंदी 90 किंवा त्याच्या वर जातात आणि तीन तासांचे सहा होतात. दोन टक्के कमी दाखवत असेल तर फक्त सहाची नोंद उरते, तीन तासांचा एक. आपल्या रात्री नेमक्या 86 ते 92 च्या मध्ये रेंगाळतात, म्हणजे वक्र उंबरठ्याला जवळपास समांतर चालतो. अशा वेळी सेन्सरची छोटी चूक तासांच्या मोठ्या चुकीत बदलते. जिथे आर्द्रता संध्याकाळी 60 वरून तासाभरात 98 ला जाते तिथे हा प्रश्न येत नाही. तीन टक्क्यांनी तिथे पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल.

आणि ही चूक दिसत नाही. लॉगरचा आलेख सुंदर असतो, रात्री चढतो, दुपारी उतरतो, कुठे खटकत नाही. तपासायचं असेल तर मिठाची डबी करावी लागते. घट्ट झाकणाच्या डबीत मिठाचा ओला रबडा ठेवायचा, न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे, आणि सेन्सर त्याला न टेकवता काही तास आत लटकवायचा. साध्या मिठावर 25 अंशांना 75 टक्के यायला हवेत. बहुतेक मुलं इथेच थांबतात आणि "कॅलिब्रेशन केलं" असं लिहून मोकळी होतात. पण आपला निर्णय 75 वर होत नाही, 90 वर होतो. म्हणून दुसरी डबी पोटॅशियम क्लोराइडची, ती 84 च्या जवळ, आणि तिसरी पोटॅशियम नायट्रेटची, ती साडेत्र्याण्णवच्या आसपास. माझ्याकडचा लॉगर मिठाच्या डबीत अगदी बरोबर होता आणि नायट्रेटच्या डबीत तीन-चार टक्क्यांनी खाली बसायचा. हंगाम पुढे गेला तशी ही तफावतही तीच राहिली नाही. दर थोड्या दिवसांनी खांबावरून काढ, डबीत ठेव, आकडे लिही, मागच्या नोंदींना दुरुस्ती लाव. त्यात ज्या रात्री तो डबीत असतो त्या रात्रीची शेतातली नोंद जाते. एका उन्हाळ्याभर मी हे निभावलंही असतं, पण दोन हंगाम प्रत्येक पहाटेच्या आकड्याकडे संशयाने बघणं मला जमलं नाही.

पान-सेन्सरचे त्रास कमी आहेत असं मात्र समजू नका, मोजले तर जास्तच भरतील. सेन्सर म्हणजे पानाच्या आकाराची एक पट्टी. काहींवर तांब्याच्या किंवा सोन्याच्या मुलाम्याच्या रेषांची जाळी असते, पाणी दोन रेषांना जोडतं आणि रोध कमी होतो. काही पाण्यामुळे होणारा विद्युत क्षेत्रातला फरक ओळखतात. जाळीचा सेन्सर नुसता वापरला तर बारीक दव त्याला उशिरा कळतं, थेंब दोन रेषांच्या मध्ये बसून राहतो. म्हणून त्यावर पांढरट लॅटेक्स रंगाचा पातळ हात देतात. 1970 च्या दशकात कॅनडातल्या लोकांनी हे दाखवून दिलं होतं. रंग असला की पाणी पसरतं आणि तो पानासारखाच गार होतो. पट्टी उत्तरेकडे तोंड करून 30 ते 45 अंश कललेली हवी. सपाट ठेवली तर पाणी साचून दुपारपर्यंत ओली दाखवते, दक्षिणेकडे वळवली तर सकाळच्या उन्हात पानाच्या आधी सुकते.

मग धूळ. कापसाच्या शेताशेजारी प्लॉट असेल आणि बांधावरून ट्रॅक्टर जात असेल, तर आठवड्यात पट्टीवर तपकिरी थर बसतो. बोअरच्या खारट पाण्याची फवारणी झाली की पांढरा थर उरतो, आणि क्षार हवेतली वाफ ओढून घेतो म्हणून पट्टी पान सुकल्यावरही ओली सांगत राहते. मॅन्कोझेब फवारलं तर पिवळट पापुद्रा. फवारणीपूर्वी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि नंतर ती काढायची, आणि हे फवारणाऱ्या गड्याला दर वेळी सांगायचं. पिशवी राहिली तर आत घाम धरतो आणि नोंद दिवसभर ओली.

पण यातला जवळपास प्रत्येक बिघाड स्वतःहून बोंब मारतो. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी दोन वाजता पट्टी "ओली" सांगत असेल तर ती घाण आहे, वेगळ्या परीक्षेची गरज नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेलं मऊ फडकं फिरवायचं, पुन्हा कोरडी झाली की झालं. पाऊस पडला आणि पट्टी कोरडी सांगते, तर वायर तुटली असेल किंवा बांधावरच्या उंदरांनी कुरतडली असेल. आर्द्रतेच्या सेन्सरची चूक प्रबंध लिहिताना कळते, किंवा कळतच नाही. पट्टीची चूक त्याच दिवशी दुपारी कळते. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

पट्टीचा उंबरठाही आपला आपण ठरवावा लागतो, कंपनीने दिलेला आकडा तसाच उचलू नये. पट्टी हो-नाही सांगत नाही, आकडा सांगते, आणि कोणत्या आकड्याला ओलं म्हणायचं ते शेतात बघूनच ठरतं. मी करायचो ते असं. रात्री टॉर्च घेऊन झाडाची वरची आणि खालची पानं बघायची, टिश्यू पेपरचा तुकडा पानावर हलकेच टेकवायचा, डाग उमटला की वेळ लिहायची. सकाळी उलट, शेवटचा थेंब पानाच्या टोकावरून कधी गेला ते बघायचं. अशा काही रात्रींच्या वेळा पट्टीच्या आलेखावर टाकल्या की आकडा आपोआप समोर येतो. शेताचा मालक एकदा पहाटे बांधावर आला, हाताने पान कुरवाळून ओल्या बोटांकडे बघत म्हणाला, "तुनं यंत्र काय सांगस भाऊ?" त्या पहाटे आर्द्रता 86 वर होती, पट्टी ओली सांगत होती, आणि त्याला दाखवण्यासारखं काहीतरी माझ्याकडे होतं.

एक मधली वाट आहे, तीही सांगितली पाहिजे. फक्त आर्द्रतेऐवजी हवा आणि दवबिंदूतला फरक, वाऱ्याचा वेग आणि आर्द्रता असे तिन्ही एकत्र घेऊन तास ओला की कोरडा ठरवणारी मॉडेल्स अमेरिकेत निघाली आहेत. दवबिंदूतला फरक 3.7 अंशांपेक्षा कमी असेल तरच पुढचं बघायचं, आणि मग वारा सेकंदाला अडीच मीटरपेक्षा कमी आहे की जास्त यावरून पुढची वाट निवडायची, असा त्यांचा साधारण रस्ता. वारा आला की साक्रीची ऑगस्टची रात्र बऱ्यापैकी सुधारते, कारण वाऱ्यात दव धरत नाही हे त्या गणिताला माहीत असतं. ज्यांच्याकडे वाऱ्यासकट पूर्ण केंद्र आहे त्यांनी 90 चा नियम सोडून याकडे जावं असं मला वाटतं. तरी आर्द्रतेच्या सेन्सरची नव्वदीतली चूक यातही शिरते, फक्त थोडी सौम्य होते.

आता आर्द्रता कुठे घ्यावी, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नंदुरबारकडच्या मिरचीच्या भुरीवर काम करणार असाल तर पान-सेन्सरच्या नादी लागू नका. भुरीच्या बीजाणूंना पानावर पाण्याचा थर लागत नाही, उलट साचलेलं पाणी त्यांना अडचणीचंच असतं. तिथे आर्द्रता आणि तापमान हीच खरी मापं. मागच्या दहा-वीस वर्षांची नोंद घेऊन काम असेल तर पर्यायच नाही, कारण तेव्हा पट्टी कोणी लावलेलीच नव्हती. आणि रावेर-यावलच्या केळीत, जिथे बाग मिटून आत आभाळ दिसत नाही, तिथे आतली पानं रात्री फारशी उष्णता फेकत नाहीत आणि आतली हवा बराच वेळ संपृक्ततेच्या जवळ असते. त्या छताखाली लावलेला आर्द्रतेचा लॉगर माझ्या टोमॅटोच्या उघड्या प्लॉटपेक्षा कितीतरी बरा अंदाज देत असणार. शिवाय केळीच्या बागेत पट्टी नेमकी कुठे लावायची हा वेगळाच प्रश्न आहे: पोंग्याजवळ, मधल्या पानाशी की खाली? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येतं.

बाकी उघड्या, कमी उंचीच्या पिकात, ठिबकवर, पावसाळ्यानंतरच्या हंगामात दवावर वाढणाऱ्या रोगाचा अंदाज करायचा असेल आणि पैसे एकाचेच असतील, तर मी पट्टी घेईन, आणि तिच्यासोबत तापमानाचा एक साधा सेन्सर. तापमान लागतंच, त्याशिवाय तक्त्याची ओळ निवडता येत नाही, आणि ते मोजणं स्वस्त आणि भरवशाचं आहे. आर्द्रता जवळच्या केंद्राची घेऊन शेजारी नुसती लिहून ठेवा. पट्टी वायर तुटून बंद पडली तर त्या रात्रीपुरती आधाराला येईल.

लॉगर घेताना दोन गोष्टी बघून घ्या. नोंद तासाची नको, पंधरा मिनिटांची हवी. वरच्या रात्रीत नऊऐवजी आठ तास भरले असते तर डीएसव्ही दोनाचा एक झाला असता, म्हणून कडेचा तास महत्त्वाचा. आणि दिवस मध्यरात्री तोडू नका. टॉमकास्टचा दिवस सकाळी 11 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 11 असा चालतो, कारण दवाची रात्र दोन तारखांवर पसरलेली असते. रात्री नऊ ते सकाळी सात अशी 22 अंशांची एकच ओली रात्र घ्या. अकराला तोडली तर दहा तास, डीएसव्ही दोन. मध्यरात्री तोडली तर तीन तासांचा एक आणि सात तासांचे दोन, मिळून तीन. बऱ्याच लॉगरचं सॉफ्टवेअर दिवसाची बेरीज मध्यरात्रीच करतं आणि ती सेटिंग सहज सापडत नाही. तेव्हा त्याच्या तयार दैनिक अहवालावर न जाता कच्ची नोंद उतरवून घ्या आणि तासांची बेरीज एक्सेलमध्ये स्वतः करा.